मनूचा सेमिनार

तीर्थरूप आई-बाबांना सा. नमस्कार.

आई, त्या रात्री मनूचा आवाज फोनवर रडवेला का होता, ते आता सांगते. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचा दहा मिनिटांचा सेमिनार होता, विषय संत्र्याचा मृगबहार. माझ्यापुढे बोलून पाहिलं तर चौदा मिनिटं झाली आणि बहार अजून आलाच नव्हता! संत्र्याचं शास्त्रीय नाव, मूळ देश, जाती, लागवडीचं क्षेत्र, सगळं आधी. स्लाइडवरचं वाचत सुटली होती बिचारी.

मी लॅपटॉप मिटवला. म्हटलं, वर्गाने घरी जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर कोणती? बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ताण मोडला की बहार हुकतो." तेच वाक्य कागदावर मोठं लिहिलं. मग प्रत्येक स्लाइड काय सांगते ते एकेका चिठ्ठीवर एका वाक्यात लिहून चिठ्ठ्या फरशीवर मांडल्या. त्या वाक्याला उपयोगी नाही ती चिठ्ठी बाजूला. जाती आणि क्षेत्र काढताना तिचा जीव खालीवर होत होता. त्या स्लाइड मी आभाराच्या स्लाइडनंतर ठेवायला लावल्या, कुणी विचारलं तर दाखवता येतात.

उरलं ते असं लागलं. मे महिन्यात बागेचं पाणी तोडतात, झाडाची वाढ थांबते आणि फांद्यांत अन्न साठतं. पानांची चमक जाते, ती मलूल होऊन वळू लागतात, थोडी गळतातही, तेव्हा ताण बसला असं समजायचं. मग मृगाचा पाऊस आला की फूल निघतं. पण मधेच वळवाचा पाऊस पडला तर नुसती नवी पालवी फुटते. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, म्हणून तिथे ताण बसायला वेळही जास्त लागतो. बाबा, हे तुम्हीच तिला बांधावर उभं करून सांगितलेलं, पण तिच्या पहिल्या मांडणीत ते शेवटून दुसऱ्या स्लाइडवर बारीक अक्षरात होतं. आता सुरुवातच मलूल पानाच्या फोटोने केली. वर मथळा म्हणून "मृगबहार" असा शब्द नाही, पूर्ण वाक्य: "हे झाड आजारी नाही, ताणावर आहे."

पाठ फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं करून घेतलं. मधलं पाठ केलं की एक शब्द विसरला तरी गाडी अडते. हात थरथरतात आणि पातळ कागद लगेच चुगली करतो, म्हणून मुद्दे लग्नपत्रिकेच्या जाड पाठीवर लिहिले. पुन्हा घड्याळ लावलं तर नऊ मिनिटं भरली.

वर्गात सुरुवातीला आवाज कापलाच म्हणे, पण पानाच्या फोटोवर मागच्या बाकावरूनच कुणीतरी विचारलं, "पाणी देऊन टाकायचं ना मग?" आणि ती बोलत सुटली. सरांनी विचारलं, हलक्या जमिनीत ताण जास्त दिवस दिला तर? पानं फार गळतात, फांद्या वाळतात, इतकं तिने सांगितलं. आता तिला आपल्या बरड तुकड्यातली झाडं पाहायची आहेत. बाबा, यंदा तिकडचं पाणी कधी तोडणार ते कळवा, त्या आठवड्यात तिला पाठवते.

तुमची,
सुमी
नागपूर