परत गेलेल्या हप्त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. आई फोनवर म्हणाली, दोन रात्री तुम्हाला नीट झोप नाही. लोन विभागात मी रोज असे स्क्रीन बघते, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतेय. छपराच्या कर्जाच्या फाइलमध्ये हे पत्र लावून ठेवा.

लाल अक्षरांतल्या "Auto-debit failed" कडे फार बघू नका. महत्त्वाची आहे ती खालची बारीक ओळ: "Reason: Balance insufficient". म्हणजे खातं ठीक आहे, हप्ता आपोआप कापायला तुम्ही सही करून दिलेली परवानगी, म्हणजे मँडेटही चालू आहे, फक्त त्या दिवशी पैसे कमी पडले. तिथे मँडेट रद्द झाल्याचं किंवा केवायसीअभावी खातं गोठल्याचं कारण असतं, तर खात्यात लाख रुपये भरूनही पुढचा हप्ता परतच गेला असता आणि आधी शाखेत जावं लागलं असतं. म्हणून पुढे कधी असा मेसेज आला, तर कारणाची ओळ आधी वाचायची.

आता हिशोब. हप्ता ८,६४० रुपयांचा आणि ५ तारखेला सकाळी खात्यात ८,४१२ रुपये होते. कमी पडले २२८. बाबा, तुम्ही विचारलंत, "होते तेवढे कापून का नाही घेतले?" खात्यातून आपोआप हप्ता कापायची ही जी NACH, म्हणजे "नाच" व्यवस्था आहे, तिच्यात तसं होत नाही. रक्कम पूर्ण मिळाली तर घेतात, नाहीतर अख्खा हप्ता परत जातो. सुट्टीचाही आधार नाही, कारण १ ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली रविवारीसुद्धा चालते.

परत गेलेल्या हप्त्याचे पैसे दोन ठिकाणी लागतात, आणि लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. पहिला आकार तुमच्या स्वतःच्या बँकेचा: २५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५, मिळून २९५. पासबुकात "ACH RTN CHG" अशा धर्तीची नोंद दिसेल. दुसरा आकार कर्ज देणाऱ्या कंपनीचा, बाउन्स चार्ज. तुमच्या मंजुरीपत्रात तो ४५० लिहिलाय, मी तपासलं. शिवाय उशिराच्या दिवसांचा दंड: थकलेल्या हप्त्यावर महिना २ टक्के, म्हणजे तीन दिवसांचे साधारण १७ रुपये. २२८ कमी पडले म्हणून ७६२ रुपये गेले. मला याचा खरंच राग येतो, कारण पेन्शन ७ तारखेला जमा झाली यात तुमचा काहीच हात नव्हता.

दंडाबाबत एक नियम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकानुसार दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावता येत नाही. तो मुद्दलात मिसळलेला दिसला तर मला लगेच सांगा, मी लेखी तक्रार करीन.

खरी भीती दुसऱ्या फेरीची असते. पैसे आले नाहीत की कंपनी काही दिवसांनी तोच हप्ता पुन्हा खात्यावर लावते. तोही परतला तर आपली बँक पुन्हा २९५ घेते. आणि हे २९५ पुढच्या महिन्यासाठी ठेवलेल्या पैशांतूनच कापले जातात, मग तो हप्ताही थोडक्यात हुकतो. हे टाळायला मी ८ तारखेला कंपनीच्या ॲपमधून हप्ता, बाउन्स चार्ज आणि दंड भरला, पावती घेतली आणि हप्ता पुन्हा लावू नका असं ईमेलवर कळवलं. तरीही खात्यातून दुसऱ्यांदा ८,६४० गेलेच, तर घाबरू नका. पावती दाखवून ते परत मिळतात.

क्रेडिट रेकॉर्डचं विचारलंत. कंपन्या थकबाकीची माहिती महिन्यातून किमान दोनदा, १५ तारखेची आणि महिनाअखेरची, पाठवतात. आपण ८ लाच भरलं, त्यामुळे १५ च्या माहितीत थकबाकी असायला नको. पुढच्या महिन्यात रिपोर्ट काढून मी बघते.

आई, वसुलीचा फोन आला तर तू घेऊ नकोस असं नाही म्हणत, पण सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचा नसतो, हे त्यांना सांगायचं. मेसेजमधल्या लिंकवर पैसे मात्र अजिबात भरायचे नाहीत. हप्ता चुकल्याचा सुगावा लागला की फसवणारेही तशाच लिंक पाठवतात.

पेन्शन ७ ला येणार आणि हप्ता ५ ला जाणार, हे जुळणारच नाही. कंपनीकडे हप्त्याची तारीख १२ करून मागितली आहे. त्यासाठी नवा मँडेट लागेल. तो होईपर्यंत पुढच्या ४ तारखेला संध्याकाळी खात्यात ९,५०० असतील असं मी बघते, त्यातले काढू नका. नव्या मँडेटचा फॉर्म आला की त्यावरची कमाल रक्कम हप्त्यापेक्षा कमी तर नाही ना, हे पाहूनच सही करा. बँकेत असते तशीच सही हवी, बाबा, हल्लीची आखूड नको.

तुमची,
मनू