नोटीस न वाचता उत्तर कसं द्यायचं?

संपादक महोदय,

"वकीलसाहेब, नोटीस आलीया. एक उत्तर तेवढं ठोकून द्या." असा फोन आम्हा कोल्हापूरच्या वकिलांना नवा नाही. नोटीस कुठं आहे विचारावं, तर ती गावाकडं राहिलेली असते किंवा पुतण्याकडं असते. फार तर मोबाईलवर पहिल्या पानाचा फोटो येतो. पहिल्या पानावर समोरच्या अशिलाची ओळख आणि जुना व्यवहार असतो. मागणी नेमकी काय, किती दिवसांत पुरी करायची, हे बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असतं. "कशाबद्दल आहे?" यावर उत्तर येतं, "पैशाचंच काहीतरी हाय."

या "काहीतरी"मुळे माणसं कशी अडकतात, ते नावं टाळून एका उदाहरणानं सांगतो. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानदारानं ओळखीच्या माणसाकडून हातउसने दोन लाख घेतले होते आणि त्या वेळी सही केलेला कोरा चेक देऊन ठेवला होता. बरेच पैसे फेडलेही होते. पुढं तो चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, ती त्यानं धड वाचली नाही आणि घाईत कुणाकडून तरी उत्तर पाठवलं. त्यात ठरलेलं वाक्य होतं: "नोटिशीतील संपूर्ण मजकूर खोटा व खोडसाळ असून मान्य नाही." आता त्या मजकुरात चेक याच्या खात्याचा आहे आणि सही याची आहे, हेही लिहिलेलं होतं. म्हणजे स्वतःची सहीसुद्धा नाकारली गेली. खटल्यात त्याचा खरा बचाव "चेक तारण म्हणून दिला होता, बरीच रक्कम फेडली आहे" हा होता. पण उलटतपासात पहिला प्रश्न आला, तो त्या उत्तरातल्या सहीबद्दल. खरं बोलणारा माणूस तिथंच खोटा ठरायला लागला.

चेकच्या नोटिशीत तारखांना फार महत्त्व असतं. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यापासून रक्कम द्यायला १५ दिवस असतात आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद दाखल व्हावी लागते. समजा, बँकेचा मेमो १६ जूनचा आहे. नोटीस १६ जुलैपर्यंत निघायला हवी. ती २० जुलैला हातात पडली, तर पैसे देण्याची मुदत ४ ऑगस्टला संपते. नोटीस २५ जुलैला पाठवलेली निघाली, तर बचावाचा मोठा मुद्दा हाती येतो. पण ते पाहायचं कशावरून? नोटिशीत लिहिलेल्या मेमोच्या तारखेवरून आणि पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून. म्हणून सांगतो, पाकीट फाडून टाकू नका. मिळाली त्या दिवशीच त्यावर पेनानं तारीख घाला. तसंच मागणी चेकच्या रकमेचीच आहे का, हेही नोटीस बघितल्याशिवाय कळत नाही.

गप्प बसणंही महागात पडतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली रंगप्पा विरुद्ध मोहन या निकालात चेकच्या नोटिशीला उत्तर न देणं आरोपीच्या विरोधात धरलं होतं. पोस्टमनला "घेत नाही" म्हणून परत पाठवलं, तरी पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच साधारणपणे धरतात.

हीच नोटीस चेकची नसून नुसत्या उसनवारीची असेल, तर घात वेगळ्याच वाक्यानं होतो. "सध्या अडचण आहे, थोडी मुदत द्या, फेडतो" असं लिहा, असं अशील हमखास सांगतात. माणुसकीच्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. पण उसन्या रकमेच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती संपण्याआधी सहीनिशी अशी लेखी कबुली दिली की त्या तारखेपासून पुन्हा नवी तीन वर्षं सुरू होतात. अशिलाच्या सांगण्यावरून वकिलानं केलेली सहीसुद्धा त्याला चालते. मुदत संपायला महिनाच उरलेला असताना असं पत्र गेलं, तर समोरच्याला आयतं वरदान मिळतं. पैसे कधी घेतले ही तारीख माहीत नसताना हे वाक्य लिहायचं की नाही, हे कुणी ठरवायचं?

माझी अशिलांना विनंती आहे की नोटिशीची सगळी पानं, सोबतच्या प्रती, पाकीट आणि त्या व्यवहाराची बँक पासबुकातली नोंद घेऊनच या. नोटीस खरोखरच हरवली असेल, तर समोरच्या वकिलांकडं लेखी प्रत मागता येते. त्या पत्रात काही कबूल करू नये, काही नाकारूही नये. "प्रत मिळताच सविस्तर उत्तर देऊ, आमचे सर्व हक्क राखून" एवढंच लिहावं. मात्र त्या पत्रानं चेकचे १५ दिवस थांबत नाहीत. त्यामुळे प्रत मागायची, तर ती त्याच दिवशी मागावी.

— एक वकील वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर