सही करण्याआधी

सोलापूर

प्रिय संजू,

तू पाठवलेला गोपनीयता करार दोनदा नीट वाचला. डाइंग मास्तरची ही जागा तुझ्या हाताला शोभणारी आहे, ती सोडू नकोस. पण आहे त्या मसुद्यावर सहीही करू नकोस.

गोपनीय माहितीची व्याख्या बघ: ‘नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याला ज्ञात असलेली सर्व माहिती’. त्यांचे ग्राहक, दर, त्यांच्या लॅबमध्ये बसवलेल्या शेडच्या रेसिपी यात येणार, ते रास्तच आहे. पण रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला मीठ कधी, सोडा कधी, ६० अंशांवर टॉवेल किती वेळ फिरवायचा, पाणी जड असलं तर काय करायचं, हे तू अक्कलकोट रोड एमआयडीसीत घाम गाळून शिकलास. तेही तुला ‘ज्ञात’ आहेच ना? करार कायद्याच्या कलम २७ मुळे ‘नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये’ ही अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. गुपित राखण्याची अट मात्र टिकू शकते. व्याख्या एवढी सैल ठेवली, तर तीच बंदी मागच्या दाराने येते. म्हणून ‘कंपनीने कामासाठी दिलेली आणि गोपनीय म्हणून कळवलेली माहिती, कर्मचाऱ्याचं सर्वसाधारण कौशल्य व अनुभव वगळून’ असं लिहून माग.

अपवादांत ‘आधीपासून ठाऊक असलेली माहिती’ आहे, पण पुढे ‘लेखी पुराव्याने सिद्ध झाल्यास’ हे शेपूट आहे. उद्या वाद झाला तर पुरावा तुलाच द्यावा लागेल. तुला येणाऱ्या कामांची यादी तारखेसह परिशिष्ट म्हणून जोड आणि दोन्हीकडच्या सह्या घे. त्यात फक्त विषय लिही. जुन्या कारखान्याची एकही रेसिपी उतरवू नकोस, ते त्यांचं गुपित आहे आणि तू तिथेही बांधलेला असशील. न्यायालयाने किंवा सरकारी कार्यालयाने कायद्याने मागितलेली माहिती देण्याचा अपवाद मसुद्यात नाहीच, तो घालून घे.

मुदत नुसती ‘३ वर्षे’ आहे. कधीपासून? तू १ जुलै २०२५ ला सही केलीस आणि ३० जून २०२८ ला नोकरी सोडलीस असं धर. सहीपासून मोजली तर बंधन त्याच दिवशी संपतं, नोकरी सोडल्यापासून मोजली तर जून २०३१ पर्यंत चालतं. कंपनी नोकरी सोडल्यापासूनचाच अर्थ लावणार. दर आणि ऑर्डरींसाठी नोकरी सोडल्यापासून २ वर्षं मला पटतात. रेसिपीसाठी ते जास्त मागतील, ते मान्य कर, पण ‘जोवर ती माहिती बाहेर उघड होत नाही तोवर’ हे शब्द हवेत.

हे सगळं एचआरला ईमेलनेच कळव, फोनवर नको. ते अडून बसले तर सहीआधी वकिलाला दाखवू, मी बरोबर येतो.

तुझा,
दिलीप