घुबड मूर्ख कधीपासून झालं?

मा. संपादक,
स.न.

परवा एका वाहिनीवर हिंदीतून मराठीत आणलेली मालिका पाहत होतो. सासरेबुवा जावयावर खेकसले, ‘मला काय घुबड समजतोस?’ मुळात ‘उल्लू’ असणार हे लगेच कळलं. पक्षी बरोबर आला, शिवी वाटेत सांडली. मूर्खाला आपण गाढव म्हणतो, बैल म्हणतो. घुबड म्हणतो ते तोंड पाडून बसलेल्याला, नाहीतर ज्याचं दर्शन अशुभ वाटतं त्याला. तिथे सरळ ‘गाढव’ चाललं असतं.

मी चाळीतल्या मुलांना हिंदी शिकवण्यात हयात घालवली, म्हणून हे जरा जास्तच खटकलं.

या मतभेदाचं मूळ मला त्या पक्ष्याच्या डोळ्यांत दिसतं. घुबडाचे डोळे आपल्यासारखे समोर असतात, पण ते नळीच्या आकाराचे असल्याने खोबणीत फिरत नाहीत. बाजूला बघायचं तर अख्खी मान वळवावी लागते. त्यामुळे दिवसा ते फांदीवर टक लावून, ढिम्म बसलेलं दिसतं. हिंदीवाल्यांना त्या नजरेत बावळटपणा दिसला असावा. ग्रीकांना त्याच नजरेत विचार दिसला असावा. त्यांनी हा पक्षी अथीना या ज्ञानदेवतेला दिला आणि अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर उमटवला. ग्रीसच्या आजच्या एक युरोच्या नाण्यावरही तो आहे.

अथीनाचं ते लहानखुरं घुबड म्हणजे आपल्या पिंगळ्याचा भाऊबंद. शास्त्रज्ञांनी दोघांना एकाच प्रजातीत घातलंय आणि तिला नावही त्या देवीचंच दिलंय. आता आपली गंमत बघा. घुबड ओरडलं की काळजात धस्स होतं, पण पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा जोशी नाव घेतो ते याच पक्ष्याचं! म्हणजे ज्ञानी घुबड आपल्याकडेही होतं, फक्त वेगळ्या नावाने. फ्रेंचांनीही अशीच वाटणी केलीय. डोक्यावर पिसांचे कान असलेलं घुबड ते ‘इबू’, आणि माणसाला तसं म्हटलं की तो एकलकोंडा. बिनकानाचं ते ‘शुएत’, आणि या शब्दाचा बोलीतला अर्थ ‘मस्त’!

आमच्या शेजारी बंगाली कुटुंब आहे. कोजागरीला त्यांच्याकडे लक्ष्मीपूजा असते. गेल्या वर्षी देवीच्या पायाशी पांढरं घुबड पाहून आमचा नातू ओरडला, ‘ई, घुबड!’ मी ओशाळलो. शेजारीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘हे लक्ष्मीचं वाहन. धान्य खाणारे उंदीर तेच मारतं ना.’ मग सोफ्यावर गाल फुगवून बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून त्या हसल्या, ‘पण अशा तोंडाला आम्हीसुद्धा पॅंचामुखो, म्हणजे घुबडतोंड्याच म्हणतो.’

– एक निवृत्त हिंदी शिक्षक, पुणे