वजनाचा विषय आता बंद

ती. आई आणि आण्णांना सा. न.

दादाच्या छकुलीच्या बारशाला येतेय, चार दिवस राहीन. त्याआधी एक ठरवलेलं लिहून कळवते, कारण फोनवर आण्णांचा आवाज चढतो आणि आई, तू रडतेस. माझ्या वजनावर यापुढे घरात बोलायचं नाही. कौतुकानंही नाही. ‘बारीक झालीस ग’ म्हणताना मागच्या वेळचं माप काढलेलंच असतं.

काळजीपोटी बोलता, माहीत आहे. ‘जिना चढताना दम लागतो का?’ विचारा, खरं सांगेन. तपासणीत काही निघालं तर पहिला फोन तुम्हालाच. ‘किती किलो?’ याला मात्र उत्तर मिळणार नाही.

विषय निघाला की मी एकदाच म्हणेन, ‘आई, हे नको,’ आणि दुसरं काहीतरी विचारेन. परत निघाला तर फोन ठेवेन. घरी असले तर रंकाळ्यावर चक्कर मारून येईन. रुसले असं समजू नका, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी फोन येईलच. सुरुवातीला तुम्ही जास्तच विचाराल, जुनी सवय अडली की जोर करते. चार वेळा टाळून पाचव्यांदा मी उत्तर दिलं, तर पाचदा विचारलं की मिळतं, एवढंच तुम्हाला कळेल. म्हणून पाचव्यांदाही मी तशीच वागेन. मावशीकडून निरोप, जिरेपाण्याचे व्हिडिओ, ‘आम्ही काय बोलतोय का?’, हे सगळं त्यातच धरलंय.

खरी अडचण बारशात, आत्यापाशी. ती ‘सुटलीस की ग!’ म्हणणारच. आई, त्यावर तू हसून ‘सांगून दमलो बाई’ म्हणतेस ना, तेवढं नको. तुझ्या त्या हसण्यानं बाकीच्या बायकांनाही बोलायला मोकळीक मिळते. तिच्याशी भांडू नकोस, माझी बाजूही मांडू नकोस. समजावत बसलं की चर्चा लांबते आणि मी मधोमध उभी. ‘ती बरी आहे. वन्सं, घुगऱ्या घेतल्या का?’ एवढं म्हण आणि वाटी पुढे कर. तिनं परत काढलं तर तेच परत, त्याच आवाजात.

रविवारी पांढरा रस्सा कर. तुझ्या हातचा असला की मी दोन वाट्या घेणार आणि त्या कुणी मोजायच्या नाहीत. वाढताना ‘घे ग अजून’ आणि हात धुताना ‘जरा कमी खा’, हे एकाच दुपारी नको बाई, पोरगी गोंधळते.

आण्णा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून परस्पर सोडायची नाही. गोळीमुळेच बरं वाटतंय. जेवताना वरून मीठ घ्यायचं नाही. तुमच्या पोटाच्या घेराबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, गोळीचं मात्र रोज विचारीन. तुम्हीही मला असंच विचारा.

स्टँडवर न्यायला येऊ नका, गुडघा दुखतोय. रिक्षानं येते.

तुमची,
सोनी