रविवारची दंततपासणी : गोळ्यांची यादी सोबत आणा

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता संघाच्या सभागृहात दंततपासणी आहे. नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊनच या. कवळी असलेल्यांनीही यावे, कवळी लावून.

- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. दात काढायचाय म्हणून ती स्वतःहून बंद करू नका.
- हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतले असेल, अगदी वर्षापूर्वी का होईना, तेही सांगा. अशांची दात काढल्यावरची जखम क्वचित भरतच नाही.
- ‘दात काढा’ म्हटले, तर एक्स-रे पाहायला मागा आणि रूट कॅनालने तो वाचेल का, हे विचारा.
- पुढचे उपचार कुठेही घ्या; दवाखान्यात दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र तेवढे पाहा.
- पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी. मधुमेह असून हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तीन महिन्यांनीच.