मा. केंद्रीय अर्थमंत्री यांना खुलं पत्र : टॉवेलच्या 40 गाठी आणि एक बटण

नमस्कार,

मी सोलापूरचा, टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो. 25 ऑगस्टला सकाळी हैदराबादला पाठवायच्या 40 गाठी टेम्पोत भरल्या, बिल 2 लाख 85 हजारांचं, आणि माल रस्त्याने न्यायला लागणारं ई-वे बिल ऑनलाइन काढायला बसलो तर पोर्टल म्हणतं तुमचा जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नंबर, ब्लॉक आहे. कुठल्या महिन्याचं काय राहिलंय ते काही सांगत नाही. हैदराबादच्या शेठला म्हटलं तुम्हीच काढा, त्यांचंही होईना, कारण पाठवणारा म्हणून नंबर माझाच लागतो. (माझ्याकडे येणारं सूत मात्र येतच होतं, 2021 पासून ब्लॉक फक्त बाहेर जाणाऱ्या मालाला आहे, ते बरंय.)

जीएसटी पोर्टल उघडून बघितलं तेव्हा कळलं, जूनचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचा रिटर्न, 'Ready to File' वर लटकलेला. आमच्या अकाउंटंटने बिलं सगळी चढवली होती पण शेवटचा ओटीपी टाकलाच नव्हता, त्याला वाटलं झालं. आता जीएसटीआर-1 नाही तर त्या महिन्याचा 3बी, म्हणजे कर भरायचा रिटर्न, भरता येत नाही, आणि जूनचा 3बी नाही तर जुलैचा जीएसटीआर-1 भरता येत नाही. म्हणजे एक ओटीपी राहिला आणि दोन महिने लटकले, ई-वे बिल ब्लॉक करायला नियम 138ई ला तेवढं पुरतं.

मग ओळीने भरत गेलो, जूनचा 1, जूनचा 3बी, जुलैचा 1, जुलैचा 3बी. जूनच्या 3बीला 36 दिवस उशीर, रोज 50 प्रमाणे 1800 लेट फी, ती जुलैच्या 3बीत येऊन बसली. व्याज वेगळं. चूक आमची, भरलं, तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. दुपारी 4 ला चारही रिटर्न भरून झाले तरी ई-वे बिल ब्लॉकच! अकाउंटंट म्हणाला आपोआप उद्या सुटेल. ड्रायव्हर दारात बसून शेंगाचटणी-भाकरी खातोय, त्याच्या खोळंब्याचे पैसे मलाच द्यायचेत. शेवटी ओळखीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने फोनवर सांगितलं, ई-वे बिलाच्या साइटवर लॉगिन न करता Search मध्ये जा, Update Block Status उघड, जीएसटीआयएन आणि कॅप्चा टाक, मग अपडेटचं बटण दाब. दाबलं आणि पाच मिनिटांत बिल निघालं.

ब्लॉक काढून घ्यायला ईडब्ल्यूबी-05 चा अर्ज असतो हे मला माहीत आहे, पण तो रिटर्न भरणं शक्यच नसेल त्याच्यासाठी, तिथे कारण द्या, अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट बघा. आमचं तर भरून झालं होतं.

तर मागणी एवढीच, ब्लॉकच्या मेसेजमध्येच लिहा की अमुक महिन्याचा अमुक रिटर्न बाकी आहे, आणि शेवटचा रिटर्न भरला की पोर्टलनेच ते बटण दाबावं. आणि ते होईपर्यंत निदान त्या मेसेजखाली त्या बटणाचा रस्ता तरी छापा, माझ्यासारखा माणूस Search मध्ये कशाला शोधायला जाईल?

आपला,
सोलापूरचा एक टॉवेलवाला